एस्पोतला पहिला हिवाळा आणि बुटाखालचे खिळे

ऑगस्ट 2023 मध्ये मी नोकरीसाठी फिनलंडला आले, एस्पोला, म्हणजे हेलसिंकीला लागूनच. यायच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी जॅकेट, थर्मल, हातमोजे यावर तासभर सांगितलं. रस्त्यावरून चालायचं कसं हे मात्र कुणीच नाही सांगितलं. थंडीचं काय, कपडे चढवले की भागतं, आणि घरं ऑफिसं इतकी गरम असतात की आत गेल्यावर उलट उकडतं. खरा प्रश्न पायाखालच्या निसरड्या बर्फाचा आहे. यावर्षी नव्याने येणाऱ्या दोघीतिघींनी मेसेज करून हेच विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

आधी माझा रोजचा रस्ता सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. घरातून निघालं की साधारण 900 मीटर पायी, त्यात मधे एक उतार, मग मेट्रो स्टेशन, तिथे गुळगुळीत दगडी फरशी आणि लांबलचक सरकता जिना, मग मेट्रो, पुन्हा तशीच फरशी, आणि शेवटी ऑफिसपर्यंत पाच मिनिटं चालणं. म्हणजे बर्फ, फरशी, बर्फ, फरशी असं आलटून पालटून. ग्रिप्स म्हणजे घसरू नये म्हणून बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे, ते घेताना दुकानात कुणी हा प्रश्न विचारत नाही, पण तुमच्या वाटेवर फरशी किती वेळा येते यावरच कुठला प्रकार घ्यायचा ते ठरतं.

ऑक्टोबरच्या मध्यात ऑफिसात एचआरचा मेल आला की हिवाळ्यासाठी ग्रिप्स घ्या, 30 युरोपर्यंत कंपनी पैसे देईल. अट अशी की पावतीवर वस्तूचं नाव छापलेलं पाहिजे, नुसती कार्डाची स्लिप चालणार नाही, खर्चाच्या सिस्टीममध्ये फोटो टाकायचा, मॅनेजरने मंजूर करायचं, आणि पैसे पुढच्या पगारात. माझे डिसेंबरच्या पगारात आले. तुमच्या कंपनीने असा मेल नाही पाठवला तरी विचारून बघा, अनेक ठिकाणी देतात आणि ते काही उपकार म्हणून देत नाहीत, त्यामागचं कारण पुढे सांगते.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मराठी कुटुंब आहे, बऱ्याच वर्षांपासून इथे असलेलं. तिथल्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, बर्फ पडतो तेव्हा नाही गं पडत कोणी. बर्फ वितळून परत गोठतो ना, तेव्हा जप." मला तेव्हा वाटलं उगाच घाबरवतायत. पण यात सगळं आलं खरं तर. नवा भुसभुशीत बर्फ पायाखाली दबतो, करकर वाजतो, त्यावर साध्या विंटर बुटाने छान चालता येतं. कडक थंडीत, म्हणजे उणे पंधरा-वीसला, गोठलेला बर्फसुद्धा कोरडा असतो आणि बऱ्यापैकी पकड देतो. घात होतो तो शून्याच्या आसपास. दिवसा एक-दोन डिग्री वर गेलं की वरचा थर वितळतो किंवा पाऊस पडतो, रात्री तेच पाणी काचेसारखं गोठतं, आणि सकाळी त्याच्यावर पुन्हा पाण्याचा पातळ थर असतो. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरलेल्यांना हे पटकन कळेल, फक्त तिथे अनवाणी बोटं रोवता येतात, इथे जाड बुटात बोटं असून नसल्यासारखी.

इथे फुटपाथवर मीठ कमी आणि बारीक खडी जास्त टाकतात, दगड फोडून केलेली, काही मिलीमीटरची. पहिल्या दिवशी तिच्यावर छान चालता येतं. पण ऊन पडलं की ती काळपट खडी तापते, आपल्याभोवतीचा बर्फ वितळवून आत बुडते आणि वर पाणी गोठतं. खडी दिसत असते, पण ती काचेच्या आत असते! म्हणून "खडी दिसतेय म्हणजे सेफ" असं धरून चालू नका, ती खडी बुटाखाली टोचतेय का ते बघा.

मग खरेदी. इथल्या साइटवर शोधताना liukuesteet असं टाइप केलं की सगळे प्रकार येतात. मी ऑक्टोबरच्या शेवटी एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेले, घालायचे तेच बूट घालून गेले आणि हे मात्र नक्की करा, कारण पाकिटावर 36-40 असं काहीतरी लिहिलेलं असतं ते साध्या बुटाच्या हिशोबाने, विंटर बुटाचा सोल रुंद असतो, त्यावर तोच पट्टा चढता चढत नाही किंवा इतका ताणला जातो की महिन्याभरात तुटतो.

तिथे साधारण तीन प्रकार होते. एक, बुटाच्या पुढच्या भागावर चढवायचा रबरी पट्टा, चवड्याखाली खिळे. दुसरा फक्त टाचेचा. तिसरा पूर्ण पायाचा, रबराची जाळी आणि त्यात टाचेला आणि चवड्याला दोन्हीकडे खिळे. याशिवाय खिळ्यांऐवजी तारेची स्प्रिंग गुंडाळलेला एक प्रकार होता, तो दाबलेल्या बर्फावर चांगला पण कडक ओल्या काचेसारख्या बर्फात ती तार रुतत नाही, वरून सरकते, म्हणून तो सोडला.

चवड्याचा प्रकार सगळ्यात स्वस्त होता, 10-12 युरो, आणि चढवायला सोपा. पण आपण चालताना आधी टाच टेकवतो. पाऊल पुढे टाकलं, टाच टेकली आणि तीच पुढे सरकली की माणूस मागे पाठीवर किंवा हातावर पडतो, आणि जोराचा मार तिथेच लागतो. चवडा मागे सरकला तर बहुतेक वेळा नुसता तोल जातो आणि सावरता येतं. तेव्हा एकाच ठिकाणी खिळे परवडणार असतील तर ते टाचेखाली हवेत. उतार आणि चढ असेल तर दोन्हीकडे. मी टाचेचे घेतले, 19 युरो, कारण ते बसल्या जागी मागून ओढून काढता येतात. खिळ्याची टोकं टंगस्टन कार्बाइडची आहेत का तेही बघून घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. साध्या लोखंडी टोकाचे खिळे डांबरावर थोडं चाललं तरी गोल होतात आणि मग ते बर्फात घुसतच नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी बर्फ टिकायला लागला आणि ग्रिप्स रोज सुरू झाल्या. बाहेर एकदम मस्त, टाच टेकली की "खच्च" असा आवाज आणि पाय तिथेच. पण स्टेशनच्या दारातून आत पहिलं पाऊल टाकलं आणि दगडी फरशीवर पाय असा सुटला की बाजूच्या माणसाने दंड धरला म्हणून वाचले. कार्बाइडचं टोक बर्फात घुसतं, ग्रॅनाइटमध्ये कसं घुसणार, आणि खिळ्यांमुळे रबरी सोल फरशीला टेकतच नाही, त्यामुळे तुम्ही आठ-दहा धातूच्या टोकांवर उभे असता. ओल्या फरशीवर हे बर्फापेक्षा वाईट. शिवाय दारापाशी बूट झटकायला लोखंडी जाळ्या असतात त्यात खिळा अडकू शकतो, आणि सरकत्या जिन्याच्या खाचांतही. म्हणून नियम असा केला की दाराच्या बाहेरच, कठड्याला किंवा भिंतीला धरून, ग्रिप्स काढायच्या. त्यासाठी एक जाड झिपची पिशवी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, कारण त्या ओल्या, खडीने माखलेल्या असतात, आणि लॅपटॉपबरोबर टाकल्या तर काय होईल ते सांगायला नको. सकाळी दोनदा घालायच्या, दोनदा काढायच्या, संध्याकाळी पुन्हा तेच. उणे दहामध्ये हातमोजे काढून हे करताना खूप चिडचिड होते हो. आणि गंमत बघा, कंटाळा येऊन लोक त्या बॅगेतच ठेवतात आणि मग पडतात.

डिसेंबरमध्ये ऑफिसातला एक सहकारी सकाळी येताना बस स्टॉपपाशी पडला, मनगट मोडलं. ग्रिप्स त्याच्या बॅगेत होत्या. त्याच्यामुळे मला इथला एक नियम कळला जो सगळ्यांना माहीत हवा. फिनलंडमध्ये घरून कामावर जाताना किंवा येताना झालेला अपघात कंपनीच्या सक्तीच्या अपघात विम्यात येतो. (म्हणून एचआर ग्रिप्सचे पैसे देते!) त्याने काय केलं तर डॉक्टरकडे गेल्या गेल्या सांगितलं की कामावर येताना पडलो, तसं नोंदीत लिहून घेतलं, त्याच दिवशी एचआरला कळवलं, एचआरने विमा कंपनीकडे नोंदणी केली आणि त्याला विम्याचं सर्टिफिकेट दिलं, ते दाखवल्यावर उपचाराचं आणि औषधांचं बिल तिकडे गेलं. मुलाला डेकेअरला सोडायला किंवा वाटेत किराणा घ्यायला थोडं वळून गेलात तरी ते रस्त्यातच धरतात, पण ऑफिस सुटल्यावर मित्राकडे जाऊन तिथून रात्री घरी निघालात तर गोष्ट वेगळी. पडल्याची जागा, वेळ, तापमान हे फोनमध्ये टिपून ठेवा आणि जमलं तर जमिनीचा फोटो काढा, कारण फुटपाथ साफ ठेवायची जबाबदारी जागेप्रमाणे कधी शेजारच्या इमारतीच्या मालकाची असते कधी महापालिकेची, आणि खडी टाकली होती का यावर पुढे वाद झाला तर तो फोटोच कामाला येतो. दुपारपर्यंत तिथे खडी पडलेली असते.

त्याच सहकाऱ्याने मला मोच्याकडे जा म्हणून सांगितलं. इथे बूट दुरुस्त करणारे लोक तुमच्याच बुटाच्या सोलमध्ये खिळे बसवून देतात, त्याला nastoitus म्हणतात, दुकानाच्या काचेवर लिहिलेलं असतं. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले आणि तिथे दोन आठवड्यांची रांग, कारण सगळं गाव त्याच वेळी येतं. आजोबांच्या वयाचा माणूस होता, त्याने माझा भारतातून आणलेला ट्रेकिंगचा बूट उलटा केला, टाचेवर अंगठा दाबला आणि परत दिला. सोल मऊ फोमचा आणि टाच आतून पोकळ, खिळा धरणार नाही म्हणाला. किमान सेंटीमीटरभर जाड भरीव रबर पाहिजे. मग इथे घेतलेले लोकरीच्या अस्तराचे बूट नेले, ते चालले. तो सोलमध्ये बारीक भोकं पाडतो, गोंद घालतो आणि कार्बाइडचे खिळे आत बसवतो, टोक मिलीमीटर-दीड मिलीमीटरच बाहेर राहतं. टाचेच्या मागच्या कडेला जास्त, चवड्याला थोडे कमी, मधल्या खोलगट भागात एकही नाही कारण तिथे जमीन लागतच नाही. खर्च 38 युरो, आणि ख्रिसमसच्या आधी दोन दिवस बूट हातात आले.

आता तुम्ही म्हणाल फरशीचं काय. टोक इतकं थोडं बाहेर असतं की आजूबाजूचं रबरही फरशीला टेकतं, त्यामुळे स्टेशनवर घसरायला होतं पण हळू चाललं तर निभतं, तसं पट्ट्याच्या ग्रिप्समध्ये निभत नाही. ऑफिसात मी टेबलाखाली साधे बूट ठेवलेत, ते बदलते, आणि इथे लोक घरात शिरताना चपला-बूट दाराशीच काढतात आपल्यासारखेच, त्यामुळे लाकडी जमिनीचा प्रश्न येत नाही. ज्यांना दिवसभर आत-बाहेर करावं लागतं, दुकानात वगैरे काम आहे, त्यांच्यासाठी सोलमध्ये पलटणारी प्लेट असलेले बूट मिळतात, एका छोट्या किल्लीने खिळे आत किंवा बाहेर करायचे. महाग आहेत आणि त्या फटीत बर्फ जाऊन गोठतो असं वापरणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, मी घेतले नाहीत.

जानेवारी 2024 चा पहिला आठवडा म्हणजे कहर होता, लॅपलंडमध्ये एनोन्तेकिओला उणे 44.3 नोंदलं गेलं, आमच्याकडेही उणे वीसच्या खाली. आणि चालायला तो आठवडा सगळ्यात सोपा! पट्ट्याच्या ग्रिप्स मात्र अशा थंडीत कडक होतात, बाहेर उभं राहून ताणल्या की चिरतात, म्हणून त्या घरातच गरम असताना दाराशी चढवाव्या. रबर ताणून बघा, कोपऱ्यांवर पांढरट रेघा दिसल्या की समजा तिथून तुटणार. मग महिनाअखेरीला तापमान शून्याच्या वर गेलं आणि वहिनींचं बोलणं आठवलं. पाऊस, खाली बर्फ, वर पाणी. फिनलंडचं हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा इशारा देतं, रस्ता नेहमीसारखा, निसरडा किंवा फार निसरडा. तो मी तापमानाच्या आधी बघते आता. "फार निसरडा" असेल तर दहा मिनिटं आधी निघायचं, पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर, आणि उतार टाळून लांबचा सपाट रस्ता. खिळ्यांचे बूट असले तरी.

फेब्रुवारीत सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. वय 68, गुडघे दुखतात, पायाला सूज असते म्हणून त्या पुण्याहून आणलेले मऊ कापडी बूटच घालणार. त्यांच्या बुटावर माझ्या टाचेच्या ग्रिप्स चढवल्या तर पातळ सोलमधून खिळ्यांचा भाग टाचेला टोचायला लागला आणि पट्टा घोट्यावर सरकला. शेजारच्या वहिनींनी ओव्हरशूचा पर्याय सांगितला. म्हणजे बुटावरून घालायचा आणखी एक मोठा रबरी बूट, त्याला स्वतःचा जाड सोल आणि त्यातच खिळे. 59 युरो, ऑनलाइन मागवला, सहा दिवस लागले, पोस्टाच्या लॉकरमधून आणला. पहिला आलेला घट्ट निघाला, कारण साइज आतल्या बुटाच्या बाहेरच्या मापाने घ्यावा लागतो, पट्टीने लांबी आणि चवड्याची रुंदी मोजून. तो बदलून घेण्यात अजून आठवडा गेला. समोरून पूर्ण उघडणारा, वेल्क्रोचा घ्या, ओढून चढवायचा नको, कारण ज्यांना वाकता येत नाही त्यांना ते ओढणं जमत नाही. आमच्या दाराशी एक छोटं स्टूल ठेवलं, त्या बसायच्या, मी वेल्क्रो लावायचे.

सासूबाई पहिल्यांदा त्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पायात पाटा बांधल्यासारखं वाटतंय." जड असतात हे खरं, आणि सवय नसेल तर पाऊल नीट उचललं जात नाही, पुढचं टोक अडकतं. म्हणून दोन-तीन दिवस नुसतं बिल्डिंगच्या मागच्या अंगणात, खडी टाकलेल्या बर्फावर, माझा हात धरून. नंतर त्या रोज पलीकडच्या तळ्यापर्यंत चालायला लागल्या, एका हातात टोकाला अणकुचीदार खिळा असलेली काठी. तिचा खिळा दुमडता येतो, दुकानात शिरताना दुमडायचा. ओल्या बर्फात ओव्हरशूखाली बर्फाचा गोळा चिकटतो आणि मग खिळे त्याच्या आत बुडून जातात, काहीच उपयोग उरत नाही, तेव्हा अधूनमधून पाय आपटून तो पाडायचा. "फार निसरडा" इशारा असेल त्या दिवशी आम्ही त्यांना बाहेर जाऊच दिलं नाही, त्या चिडल्या तरी. म्हाताऱ्या माणसाला ग्रिप्स असल्या की ते आपल्यापेक्षा जास्त धीट होतात असं माझं मत झालंय.

एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले. नुसत्या डांबरावर खिळे घासत चालायचं नाही, कार्बाइडसुद्धा झिजतं आणि सोलमधलं भोक सैल होतं. मी ग्रिप्स साबणाने धुवून, सावलीत वाळवून (हीटरवर नाही, रबर तडकतं) कपाटात टाकल्या, आणि 23 एप्रिलला हेलसिंकीत इतका बर्फ पडला की ट्राम बंद पडल्या. तर एक जोडी मेपर्यंत दाराशीच असू द्या.

माझ्या बुटांचे टाचेचे तीन खिळे गळालेत, बाकीच्यांवरून बोट फिरवलं तर टोक अजून टोचतं, म्हणजे चालतील. गळालेल्या जागी नवे बसवून देतो म्हणालाय तो मोची, खिळ्यामागे दोन युरो. सप्टेंबरमध्येच नेणार आहे, तेव्हा त्याच्याकडे रांग नसते.